शाखीय क्षय

एकाच न्यूक्लाइडची अणुकेंद्रे दोन वेगवेगळ्या मार्गांनी क्षय पावून दोन वेगवेगळी अपत्ये देतात, तेव्हा त्या प्रक्रियेला शाखीय क्षय म्हणतात. प्रत्येक मार्गाला स्वतःचा क्षय स्थिरांक असतो. त्याला आंशिक क्षय स्थिरांक म्हणतात. त्यावरून जे अर्धायुष्य काढले जाते ते आंशिक अर्धायुष्य. याचे सर्वांत परिचित उदाहरण पोटॅशियम-४० हे आहे. त्याची सुमारे ८९.५ टक्के केंद्रे बीटा कण टाकून कॅल्शियम-४० होतात. उरलेली सुमारे १०.५ टक्के स्वतःभोवतीचा एक इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन-४० होतात, या मार्गाला इलेक्ट्रॉन-ग्रहण म्हणतात. पॉझिट्रॉन टाकण्याचा तिसरा मार्गही आहे, पण तो लाखात एखाद्याच केंद्राच्या वाट्याला येतो, म्हणून या नोंदीत तो सोडून दिला आहे.

क्षय स्थिरांक λ म्हणजे एका केंद्राचा एकक काळात क्षय होण्याची शक्यता. केंद्रापुढे दोन वाटा खुल्या असतील तर त्या क्षणी ते पहिल्या वाटेने जाण्याची शक्यता आणि दुसऱ्या वाटेने जाण्याची शक्यता यांची सरळ बेरीज होते:

λ = λ₁ + λ₂

पुढचे सगळे या एका ओळीतून निघते. अर्धायुष्य T म्हणजे ०.६९३ भागिले λ, त्यामुळे अर्धायुष्यांची बेरीज होत नाही, त्यांच्या व्यस्तांची होते:

१/T = १/T₁ + १/T₂

समांतर जोडलेल्या विद्युतरोधांचे सूत्र असेच दिसते, आणि कारणही तेच आहे: वाट वाढली की प्रवाह वाढतो. म्हणून एकूण अर्धायुष्य कोणत्याही आंशिक अर्धायुष्यापेक्षा नेहमी कमीच भरते. गणितात ते जास्त आले तर कुठेतरी अर्धायुष्येच एकमेकांत मिळवली गेली आहेत असे समजावे.

पोटॅशियम-४० साठी १९७७ मध्ये श्टायगर आणि येगर यांनी मांडलेले आणि भूवैज्ञानिकांनी दीर्घकाळ संकेत म्हणून वापरलेले आकडे असे आहेत. कॅल्शियमच्या वाटेचा स्थिरांक दर अब्ज वर्षांना ०.४९६२, आर्गॉनच्या वाटेचा ०.०५८१, बेरीज ०.५५४३. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) यांवरून एकूण अर्धायुष्य १.२५ अब्ज वर्षे, कॅल्शियम-वाटेचे आंशिक अर्धायुष्य १.४० अब्ज वर्षे आणि आर्गॉन-वाटेचे ११.९ अब्ज वर्षे येते. आंशिक अर्धायुष्य काढायची सोपी रीत म्हणजे एकूण अर्धायुष्याला त्या शाखेच्या वाट्याने भागणे: १.२५ भागिले ०.१०४८.

आंशिक अर्धायुष्य कोणत्याच घड्याळात दिसत नाही

इथे वाचक हमखास अडखळतो. ११.९ अब्ज वर्षे हा आकडा पाहिला की वाटते, आर्गॉन फार सावकाश साठत असेल आणि कॅल्शियम भराभर. तसे नाही. दोन्ही अपत्ये एकाच लयीत वाढतात, आणि ती लय एकूण स्थिरांकाची असते:

D₁ = (λ₁/λ) · N₀ · (१ − e^(−λt))

इथे N₀ ही सुरुवातीची केंद्रे आणि D₁ ही t इतक्या काळात पहिल्या वाटेने झालेली अपत्ये. कंसापुढचा अपूर्णांक किती साठणार ते ठरवतो. किती वेगाने साठणार ते घातांकातला λ ठरवतो, आणि तो दोन्ही शाखांना सामाईक आहे. समजा सुरुवातीला एक हजार केंद्रे होती. १.२५ अब्ज वर्षांनंतर ५०० उरतील, सुमारे ४४८ कॅल्शियम झालेली असतील आणि ५२ आर्गॉन. आणखी १.२५ अब्ज वर्षांनी २५० उरतील, कॅल्शियम ६७१ आणि आर्गॉन ७९ असेल. सगळे संपल्यावर आर्गॉन जेमतेम १०५ भरेल. म्हणजे पहिल्या १.२५ अब्ज वर्षांतच आर्गॉनने आपल्या अंतिम साठ्याचा अर्धा टप्पा गाठला. ११.९ अब्ज वर्षे कुठेच दिसली नाहीत.

मग त्या आकड्याला अर्थ काय? तो एका काल्पनिक स्थितीचा आहे: कॅल्शियमची वाट बंद असती आणि फक्त आर्गॉनचीच उघडी असती, तर पोटॅशियम-४० अर्धे व्हायला इतका काळ लागला असता. प्रत्यक्षात ती वाट बंद करता येत नाही. कॅल्शियमकडे जाणारी केंद्रे साठा संपवत राहतात आणि आर्गॉनलाही त्याच ओसरत्या साठ्यातून घ्यावे लागते. आंशिक अर्धायुष्य म्हणजे काळाच्या भाषेत लिहिलेला दर, इतकेच समजावे. माझ्या मते आंशिक स्थिरांक ही जास्त प्रामाणिक राशी आहे. अर्धायुष्य हा शब्द उगाच घड्याळ डोळ्यांपुढे आणतो.

दुसरा गैरसमज असा की काही केंद्रे जन्मतःच आर्गॉनची आणि काही कॅल्शियमची असतात. तसे मानले तर दोन गटांना दोन वेगळी अर्धायुष्ये असायला हवीत आणि दोन्ही वाटांनी निघणाऱ्या किरणांचे परस्पर प्रमाण काळानुसार बदलायला हवे. तसे घडत नाही, आणि त्यातूनच प्रयोगशाळेतली एक उपयोगी कसोटी मिळते. पोटॅशियम-४० इतके संथ आहे की त्याचा ऱ्हास बसून पाहता येत नाही, पण बिस्मथ-२१२ चा पाहता येतो. त्याचे अर्धायुष्य ६०.६ मिनिटे आहे. सुमारे ६४ टक्के केंद्रे बीटा-वाटेने पोलोनियम-२१२ होतात आणि ३६ टक्के अल्फा-वाटेने थॅलियम-२०८. आंशिक अर्धायुष्ये अनुक्रमे सुमारे ९४.५ आणि १६८.५ मिनिटे येतात. नमुना शुद्ध असेल तर दोन्ही शाखांची मोजणी ६०.६ मिनिटांनीच निम्मी होते. ९४ किंवा १६८ मिनिटांचा उतार कधीच सापडत नाही. दोन किरणांचे उतार खरोखर वेगळे दिसले तर शाखा नव्हे, भेसळ शोधावी: नमुन्यात दुसरे न्यूक्लाइड आहे, किंवा त्याच न्यूक्लाइडची दीर्घजीवी उत्तेजित अवस्था आहे. नमुन्यात शिसे-२१२ हे जनक शिल्लक असेल, तर काही वेळाने दोन्ही किरण त्याच्या १०.६ तासांच्या अर्धायुष्याने ओसरू लागतात, पण तेव्हाही एकत्रच.

आंशिक स्थिरांक मोजतात कसे

पोटॅशियमसाठी पद्धत अशी. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के अणू पोटॅशियम-४० चे असतात, म्हणजे सुमारे १.८ × १०¹⁸. या ग्रॅममधून दर सेकंदाला सुमारे २८ बीटा कण आणि ३.३ गॅमा किरण निघतात. गॅमा आर्गॉनच्या वाटेचे असतात: इलेक्ट्रॉन गिळल्यावर आर्गॉनचे केंद्र उत्तेजित अवस्थेत जन्मते आणि १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण टाकून शांत होते. अणूंची संख्या ठाऊक आहे, सेकंदाला होणारे क्षय मोजले आहेत. भागाकार केला की प्रत्येक वाटेचा स्थिरांक हाती येतो. साठा अर्धा होण्याची वाट पाहावी लागत नाही. अडचण असते ती मोजणीत. बीटा कण जाड नमुन्यातच अडकतात आणि गॅमा-शोधक सगळे किरण पकडत नाही, त्यामुळे दोन्हीकडे दुरुस्त्या लावाव्या लागतात.

एका खडकाचे वय

पोटॅशियमपासून आर्गॉन बनत असावे आणि हवेतले आर्गॉन त्यातूनच आले असावे, असे फॉन वाइट्सझेकर यांनी १९३७ मध्ये सुचवले होते. १९४८ मध्ये ऑल्ड्रिच आणि नीअर यांनी पोटॅशियमयुक्त खनिजांत आर्गॉन-४० जादा असल्याचे दाखवले, आणि त्यातून खडकांचे वय काढण्याची पोटॅशियम-आर्गॉन पद्धत उभी राहिली. लहान शाखेवरच भर देण्याचे कारण सोपे आहे. कॅल्शियम-४० सर्वत्र भरपूर असते, त्यात नव्याने जन्मलेले ओळखणे कठीण. आर्गॉन मात्र वायू आहे. वितळलेल्या खडकातून तो निसटतो, खडक थिजला की स्फटिकात अडकतो, आणि घड्याळ शून्यापासून सुरू होते.

एका अभ्रकात आज दर १०० पोटॅशियम-४० केंद्रांमागे ५ आर्गॉन-४० सापडले असे धरू. हवेतून शिरलेले आर्गॉन वजा केलेले आहे. पाच आर्गॉन झाली त्या काळात ०.४९६२ भागिले ०.०५८१, म्हणजे ८.५४ पट कॅल्शियम झाले असणार: ४२.७. ते आपण मोजलेले नाही, पण शाखांचे प्रमाण कायम असल्यामुळे ते हिशेबात धरता येते. म्हणून सुरुवातीची केंद्रे १०० + ५ + ४२.७ = १४७.७. वय म्हणजे १.४७७ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, ०.३९०, भागिले ०.५५४३. उत्तर ०.७०४ अब्ज, म्हणजे ७०.४ कोटी वर्षे.

आता चुका पाहू. कॅल्शियम विसरून सुरुवातीची केंद्रे १०५ धरली आणि एकूण स्थिरांक वापरला, तर वय ८.८ कोटी येते. इतकी मोठी चूक लगेच नजरेत भरते. दुसरी चूक जास्त फसवी आहे: फक्त आर्गॉन-वाट खरी मानून १०५ सोबत ०.०५८१ वापरणे. त्यातून ८४ कोटी येतात, आकडा पटण्याजोगा दिसतो, पण तो १९ टक्के जास्त आहे. कोवळ्या खडकात तर ही चूक लपूनच राहते. आर्गॉन दहा हजारांत एक इतकेच असेल तर योग्य रीतीने १७.२ लाख वर्षे येतात आणि चुकीच्या रीतीनेही १७.२ लाखच. कारण एवढ्या काळात पोटॅशियमचा साठा जवळजवळ जसाच्या तसा असतो, कॅल्शियमच्या वाटेने त्यातून काय गेले याने फरक पडत नाही. सूत्र तपासायचे तर कोवळ्या खडकावर तपासू नये. जुना खडक घ्यावा.

आर्गॉन तापून निसटले तर वय कमी भरते आणि वितळताना पूर्ण न निघून गेले तर जास्त भरते, पण तो दोष खडकाचा आहे, शाखांचा नव्हे. शाखांकडचा दोष दुसराच आहे. आर्गॉन-वाटेतली थोडी केंद्रे उत्तेजित अवस्था टाळून थेट शांत अवस्थेत उतरतात. ती गॅमा किरण देत नाहीत, म्हणून गॅमा मोजून काढलेल्या स्थिरांकातून सुटतात. १९७७ च्या संकेतात त्यांच्यासाठी एकूण क्षयांच्या ०.१६ टक्के इतका वाटा अंदाजाने धरला होता. इलेक्ट्रॉन गिळल्यावर आर्गॉन अणू जो क्षीण क्ष-किरण टाकतो, तो सोबतच्या गॅमाशिवाय दिसला की असा क्षय ओळखता येतो. ही मोजणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वाटा ०.१ टक्क्याजवळ निघाला. फरक एकूण क्षयांत नगण्य वाटतो, पण आर्गॉनची शाखाच मुळात साडेदहा टक्क्यांची आहे. बाकी आकडे तसेच ठेवले तर तिचा स्थिरांक अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक घटतो, आणि कोवळ्या खडकांचे काढलेले वय जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात वाढते.