इंग्रजीतला 'मी' आणि आपला मी

माझी भाची इंदूरला सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिची इंग्रजीची वही चाळत होते, तर एका वाक्याखाली लाल रेघ होती: 'मी अँड माय फ्रेंड वेंट टु द मार्केट.' शेजारी बाईंनी दुरुस्ती केली होती: 'माय फ्रेंड अँड आय'. कारण मात्र दिलेलं नव्हतं. भाचीने त्यातून स्वतःच एक नियम काढला, की जोडीत नेहमी 'अँड आय' लिहायचं. पुढच्याच पानावर तिचं वाक्य होतं: 'पापा गेव्ह ट्वेंटी रुपीज टु माय फ्रेंड अँड आय.' तिथे लाल रेघ नव्हती, पण चूक होती.

पहिल्या चुकीचं एक कारण तर कानालाच कळतं. इंग्रजीत ज्या शब्दाचा उच्चार 'मी' होतो, त्याचा अर्थ आपल्याकडे 'मला' किंवा 'माझ्या-' असा आहे. आपल्या मीचं काम इंग्रजीत 'आय' करतो. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीच्या डोक्यात 'मी आणि माझी मैत्रीण' तयार होतं आणि त्यातला पहिला शब्द भाषांतराविनाच इंग्रजीत उतरतो. पण ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, तेही रोजच्या बोलण्यात सर्रास 'मी अँड माय फ्रेंड' म्हणतात, म्हणजे सगळा दोष मराठीचा नाही.

जुन्या इंग्रजीत, हजारेक वर्षांपूर्वी, नामांनाही विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढे ते झिजून गेले. आज 'फ्रेंड' कर्ता असो की कर्म, दिसतो सारखाच. जुनी विभक्ती टिकली ती मोजक्या सर्वनामांत: आय-मी, ही-हिम, शी-हर, वी-अस, दे-देम. त्यामुळे 'माय फ्रेंड अँड आय' या जोडीत नाम गप्प बसतं आणि विभक्ती फक्त सर्वनाम सांगतं. जोडीतलं नाम काढून टाकलं, की सर्वनामाला लपायला जागा उरत नाही.

हीच परीक्षा. 'माय फ्रेंड अँड' झाकायचं आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं. 'मी वेंट टु द मार्केट' हे कोणीच म्हणत नाही, 'आय वेंट टु द मार्केट' म्हणतात, म्हणून इथे 'आय'. आता बाबांचं वाक्य घ्या. 'पापा गेव्ह ट्वेंटी रुपीज टु आय' कानाला लगेच खटकतं. 'टु मी' हवं, म्हणून 'टु माय फ्रेंड अँड मी'.

मग एकट्याने 'मी वेंट' कधीही न म्हणणारा इंग्रज जोडीत ते कसं म्हणून जातो? मला या प्रश्नातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. भाचीला मी मराठीतच विचारलं, "तू एकटी बाजारात गेलीस, तर काय म्हणशील?" "मी बाजारात गेले." "आणि मैत्रिणीबरोबर?" "मी आणि माझी मैत्रीण बाजारात गेलो." एकटीची 'गेले', दोघींची 'गेलो'. क्रियापद जोडीतल्या मीकडे सुटं पाहत नाही, त्याच्या लेखी ती सबंध जोडी म्हणजे 'आम्ही'. इंग्रजीतही तेच आहे: 'आय ॲम गोइंग', पण 'माय फ्रेंड अँड आय आर गोइंग'. 'आय' शेजारी असूनही 'ॲम' येत नाही. कर्ता म्हणजे पूर्ण गाठोडं, आणि क्रियापदाचा हात गाठोड्याच्या आत पोचत नाही.

ज्या सर्वनामापर्यंत क्रियापद पोचत नाही, त्याचं इंग्रजीत काय होतं? 'चहा कोणाला हवा?' असं इंग्रजीत विचारा. उत्तर येतं 'मी!' किंवा 'मी टू!' त्या जागी एकटं 'आय!' कोणी म्हणत नाही. म्हणजे सर्वनाम सुटं पडलं, की इंग्रजी आपोआप 'मी' हे रूप निवडते. भाषाशास्त्रात याला गृहीत विभक्ती म्हणता येईल: दुसरं काही ठरलेलं नसेल तेव्हा येणारी. गाठोड्यातलं सर्वनामही असंच सुटं राहतं, म्हणून जिभेवर 'मी अँड माय फ्रेंड' येतं. जोसेफ एमंड्स या भाषाशास्त्रज्ञाने 1986 मध्ये असं मांडलं की जोडीतला 'आय' आईच्या मांडीवर येत नाही, तो पुढे शिकवणुकीतून येतो. सगळ्यांना हे पूर्ण पटलेलं नाही, पण माझ्या भाचीच्या दोन वाक्यांचा उलगडा यातून नीट होतो. शिकवलेली गोष्ट माणूस नको तिथेही वापरतो.

अर्थात 'अँड आय' चुकीच्या जागी येणं आजचं नाही. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या अँटोनियोच्या पत्रात 'बिट्वीन यू अँड आय' आहे. त्यामुळे तीस दिवसांत इंग्रजीचं आश्वासन देणारे व्हिडिओ जेव्हा सांगतात की 'खरे इंग्रज असं कधीच बोलत नाहीत', तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नका. ते बोलतात. प्रश्न एवढाच आहे की परीक्षेत, अर्जात, औपचारिक लेखनात काय चालतं, आणि तिथे 'माय फ्रेंड अँड आय वेंट' हेच चालतं. 'आय अँड माय फ्रेंड' विभक्तीच्या दृष्टीने बरोबर आहे, फक्त स्वतःला शेवटी ठेवण्याचा तिकडचा रिवाज त्यात मोडतो.

झाकण्याची परीक्षा एका ठिकाणी अडते. 'माय फ्रेंड अँड आय मेट ॲट राजवाडा' यात मैत्रिणीला झाकलं तर 'आय मेट ॲट राजवाडा' उरतं. भेटायला दोघं लागतात, त्यामुळे वाक्य लटकतं आणि कानाला निकाल देता येत नाही. 'बिट्वीन' चंही तसंच, एकाच्या 'मध्ये' काही नसतं. अशा वेळी झाकू नका, सगळी जोडी उचलून तिच्या जागी 'वी' किंवा 'अस' ठेवा. 'वी मेट' जमतं, म्हणून 'आय'. 'बिट्वीन अस' जमतं, 'बिट्वीन वी' जमत नाही, म्हणून 'बिट्वीन यू अँड मी'.

भाचीला हे पटलं, आणि तिने लगेच मराठी वाक्य टाकलं: "मी आणि माझी मैत्रीण छप्पन दुकानला पोहे खाल्ले." इंदूरला दिवसभर हिंदी कानावर असते, तिथे अशी वाक्यं मोठ्यांच्या तोंडूनही निघतात. तिने स्वतःच मैत्रिणीला झाकलं: "मी पोहे खाल्ले. बरोबर आहे की, मावशी!" बरोबर आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. मराठीत 'मी गेले' मधला मी आणि 'मी खाल्ले' मधला मी दिसायला एकच आहे, तृतीयेतही तो बदलत नाही. इथे गप्प बसणारा मी आहे, आणि बोलणारं नाम. मग तिला म्हटलं, आता मीला झाक. "माझी मैत्रीण पोहे खाल्ले," ती म्हणाली, थांबली, आणि सावकाश दुरुस्त केलं: "माझ्या मैत्रिणीने पोहे खाल्ले. म्हणजे, मी आणि माझ्या मैत्रिणीने."