थेंबाचा प्रवास आणि हृदयाचे वेळापत्रक : रक्ताभिसरणाच्या ॲनिमेशनची पार्श्वभूमी

इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली फ्रँकफर्ट येथे प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथाने शरीरात रक्त फिरत राहते हे दाखवून दिले, पण त्या ग्रंथात हृदयाची एकही आकृती नाही. त्यात आहेत त्या केवळ हाताच्या चार आकृत्या. पहिलीत दंडावर पट्टी आवळल्यामुळे शिरा फुगलेल्या आणि त्यांवर झडपांच्या जागी गाठी उठलेल्या दिसतात. पुढच्या आकृत्यांत बोटाने शीर दाबून तिच्यातले रक्त वर सारले की मधला भाग रिकामाच राहतो आणि वरून दाबूनही रक्त झडप ओलांडून खाली येत नाही, हे दाखवले आहे. कृती एक-एक टप्प्याने मांडून दिशा सिद्ध करण्याची ही पद्धत आजच्या सचल आकृतीच्या फार जवळची आहे. शिरेतले रक्त हृदयाकडेच जाते हे वाचकाला स्वतःच्या हातावर पडताळून पाहता येत असे.

हृदय मात्र असे टप्प्याटप्प्याने दाखवता येत नव्हते. त्याची हालचाल इतकी झपाट्याने होते की ती केवळ ईश्वरालाच कळत असावी असे आपल्याला सुरुवातीला वाटले, असे हार्वे यांनी लिहून ठेवले आहे. म्हणून त्यांनी बेडकासारखे थंड रक्ताचे प्राणी आणि मरणासन्न प्राणी यांची मंदावलेली हृदये पाहिली. तेव्हा आधी अलिंदे म्हणजे वरचे कप्पे आणि मागोमाग निलये म्हणजे खालचे कप्पे आकुंचन पावतात हा क्रम त्यांच्या लक्षात आला. एक चाक दुसऱ्याला फिरवते, तरी सगळी चाके एकदमच फिरल्यासारखी वाटतात, अशी यंत्राची उपमा त्यांनी या क्रमाला दिली. क्रम कळला तरी कोणत्या हालचालीला किती वेळ लागतो, हे सांगणारे साधन त्यांच्या काळी नव्हते.

ते साधन आले १८६०च्या सुमारास. ओगुस्त शोवो आणि एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतील रक्तवाहिन्यांतून नळ्या थेट हृदयाच्या कप्प्यांत पोहोचवल्या. नळीच्या टोकाशी रबराची हवा भरलेली लहान पिशवी असे. कप्प्यातला दाब वाढला की ती दबे आणि दुसऱ्या टोकाची तरफ फिरत्या दंडगोलावर रेघ उमटवी. अलिंदाचा दाब, निलयाचा दाब आणि छातीवर जाणवणारा ठोका यांच्या रेघा एकाखाली एक, एकाच कालमापनावर मिळू लागल्या. याच मारे यांनी पुढे हालचालींची लागोपाठ छायाचित्रे घेण्याचे तंत्र विकसित केले, ज्यातून चित्रपटाचीही वाट निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल विगर्स यांनी अधिक संवेदनशील उपकरणांनी ही मापने नेमकी केली. दाब, निलयातील रक्ताचे आकारमान, विद्युत आलेख आणि हृदयाचे ध्वनी एकाखाली एक मांडणारी आकृती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. माझ्या मते हृदयाच्या प्रत्येक ॲनिमेशनची खरी संहिता हीच आहे.

हार्वे यांच्या ग्रंथाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९२८ साली, हेन्री डेल आणि टॉमस लुईस या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हार्वे यांचे प्रयोग पुन्हा करून त्यांचा चित्रपट तयार केला. नंतर शैक्षणिक चित्रपट आले, दूरदर्शन आले, १९९०च्या दशकाअखेर संगणकावर फ्लॅश या सॉफ्टवेअरमधली छोटी ॲनिमेशने आली आणि २०२०च्या अखेरीस फ्लॅशला मिळणारा आधार संपल्यावर त्यांतली कितीतरी बंद पडली. माध्यम बदलत गेले, पण एक दोष टिकून राहिला, आणि त्याचे मूळ पाठ्यपुस्तकातील स्थिर आकृतीत आहे. तिथे बाणांना क्रमांक दिलेले असतात : उजवे अलिंद, उजवे निलय, फुप्फुसे, डावे अलिंद, डावे निलय, महाधमनी. हा एका थेंबाचा प्रवास म्हणून अगदी बरोबर आहे. ॲनिमेशन करणारा हेच क्रमांक हालचालीचा क्रम मानतो तेव्हा आधी उजवी बाजू आकुंचन पावते, मग रक्त फुप्फुसांत जाऊन येते आणि त्यानंतर डावी बाजू हलते. प्रत्यक्षात दोन्ही अलिंदे जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात, आणि त्यांच्यामागून दोन्ही निलये.

मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यात अलिंदांचे आकुंचन सुमारे ०.१ सेकंद, निलयांचे ०.३ सेकंद आणि उरलेला ०.४ सेकंद सर्व कप्पे शिथिल असतात. या वेगाने डोळ्यांना काहीच टिपता येत नाही, म्हणून ठोका पाचपट संथ करून ४ सेकंदांचा केला, तर हे भाग अनुक्रमे ०.५, १.५ आणि २ सेकंदांचे होतात. प्रमाण मात्र तेच राहिले पाहिजे; चारही कप्प्यांना सारखा वेळ दिला की आकृती चुकली. निलय आकुंचू लागल्यावर सुमारे ०.०५ सेकंद, म्हणजे संथ आकृतीत पाव सेकंद, त्याच्या दोन्ही झडपा बंद असतात : दाब चढत असतो, पण रक्त हलत नाही. महाधमनीपेक्षा डाव्या निलयातील दाब वाढला की तिच्या तोंडाशी असलेली झडप उघडते. हा क्षण गाळला, तर झडप दाबाने उघडत नसून दारासारखी आपोआप उघडते असा समज होतो. निलयात आरंभी सुमारे १२० मिलिलिटर रक्त असते, त्यातले ७० बाहेर पडते आणि ५० आतच राहते. म्हणजे निलय पूर्ण रिकामे दाखवणेही चूकच. शिवाय विश्रांतीत निलयाचा बहुतेक भाग अलिंद आकुंचन पावण्यापूर्वीच भरलेला असतो.

आकृती हलली म्हणून ती आपोआप समजते असेही नाही. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा स्थिर आणि सचल आकृतीत सारखीच माहिती असेल तर ॲनिमेशनचा वेगळा फायदा सहसा दिसत नाही, असे आढळले. हालचाल पटकन निघून जाते आणि नवशिक्याची नजर भलतीकडेच खिळते. त्यामुळे थांबवण्याची, मागे नेण्याची सोय सजावटीपेक्षा महत्त्वाची आहे. शिकण्याच्या प्रक्रियेच्या अभ्यासक मिशेलीन ची यांच्या १९९४ च्या अभ्यासात आठवीच्या अनेक मुलांच्या मनात रक्त हृदयातून शरीरात जाऊन परत येते एवढे एकच वर्तुळ होते. फुप्फुसांची वेगळी फेरी त्यात नव्हती. थेंब आणि ठोका यांची दोन स्वतंत्र दृश्ये केली तर दोन्ही गोष्टी साधतात : थेंबाच्या दृश्यात दोन फेऱ्या, ठोक्याच्या दृश्यात दोन्ही बाजूंची एकत्र हालचाल.

धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्या हार्वे यांना दिसल्या नव्हत्या. मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या. महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर, तर केशवाहिनीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे चारशे पटींचा फरक. तो एका पडद्यावर खऱ्या प्रमाणात दाखवता येत नाही. ठिपके स्पष्टपणे मंदावून, वेग प्रमाणात नसल्याचे आकृतीतच लिहावे लागते. अशुद्ध रक्ताचा निळा रंग हाही केवळ संकेत आहे आणि सूचीत तसे नमूद केले पाहिजे, कारण ते रक्त गडद लाल असते.

तयार ॲनिमेशन तपासायचे असेल तर ते कोणत्याही क्षणी थांबवावे आणि एकाच बाजूच्या दोन झडपा पाहाव्यात. निरोगी हृदयात निलयात येण्याची आणि निलयातून जाण्याची झडप एकाच वेळी उघडी सापडता कामा नये. दोन्ही बंद मात्र प्रत्येक ठोक्यात दोनदा सापडल्या पाहिजेत, एकदा रक्त बाहेर पडण्याआधी आणि एकदा त्यानंतर, निलय पुन्हा भरू लागण्यापूर्वी.