संचालक मंडळाचा ठराव आणि बँक मँडेट

बँकेतील कंपनीच्या खात्यावर कोणी, किती रकमेपर्यंत आणि कधीपासून सही करायची, हे बँकेच्या नोंदीत ज्या रूपात असते त्याला मँडेट म्हणतात. कंपनी स्वतः सही करू शकत नसल्याने हा अधिकार संचालक मंडळाच्या ठरावातून येतो. सही करणारे बदलले की कंपनी ठरावाची प्रमाणित प्रत, नव्या नमुना सह्या, केवायसीची कागदपत्रे आणि विनंतीपत्र बँकेत देते. प्रत वाचून त्यातून नावे, मर्यादा आणि तारखा नेमक्या उचलणे हे मँडेट बदलण्याचे मुख्य काम आहे. विनंतीपत्र आणि ठराव यांत फरक असेल तर ठराव धरायचा. पत्र एखादा अधिकारी लिहितो, अधिकार मंडळ देते.

वाचन प्रमाणपत्रापासून सुरू होते. प्रतीवर कंपनीचे पूर्ण नाव, सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, बैठकीची तारीख आणि प्रमाणित करणाऱ्या संचालकाची किंवा कंपनी सचिवाची सही लागते. संचालकाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहतात. ज्याला नव्याने अधिकार मिळाला त्यानेच प्रत प्रमाणित केली असेल, तर बऱ्याच बँका दुसऱ्या संचालकाची सही मागतात. ठराव बैठकीत झाला की बैठकीशिवाय मसुदा संचालकांमध्ये फिरवून, म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७५ खाली, हेही पाहायचे असते. खात्यावरील सह्यांचा ठराव फिरवून चालतो. मात्र त्याच कागदात ओव्हरड्राफ्ट घेण्याचेही कलम असेल तर अडचण येते, कारण कलम १७९(३) नुसार कर्ज घेण्याचा अधिकार मंडळाने बैठकीतच वापरायचा असतो.

त्यानंतर शोधायचे ते एक वाक्य : हा ठराव जुन्या ठरावाच्या जागी आहे की त्याच्या जोडीला. ‘इन सुपरसेशन ऑफ’ किंवा ‘याआधीचे ठराव रद्द समजून’ असे असेल तर जुनी यादी पूर्ण काढायची. ‘इन ॲडिशन टू’ असेल तर जुना ठराव समोर ठेवल्याशिवाय नवा वाचताच येत नाही. दोन्हींपैकी काहीच लिहिले नसेल तर अंदाज करू नये, कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

समजा, चाकणच्या एका खासगी कंपनीच्या मंडळाने १२ जून २०२५ रोजी असा ठराव केला : ‘चालू खात्यासंबंधीचे याआधीचे सर्व ठराव रद्द समजून, १ जुलै २०२५ पासून ५ लाख रुपयांपर्यंत गट ब मधील कोणीही एक, ५ लाखांच्या वर व ५० लाखांपर्यंत गट अ मधील एक व गट ब मधील एक, आणि ५० लाखांच्या वर गट अ मधील दोघे संयुक्तपणे सही करतील.’ गट अ मध्ये व्यवस्थापकीय संचालक आणि एक पूर्णवेळ संचालक आहेत. गट ब मध्ये वित्तप्रमुख आणि लेखा व्यवस्थापक आहेत. चौघांचीही नावे दिली आहेत.

मसुदा वरवर नीटनेटका आहे. ५ लाखांचा नेमका चेक कोठे बसतो, हा प्रश्नही त्यात उरत नाही. ‘५ लाखांच्या आत’ आणि ‘५ लाखांच्या वर’ असे लिहिणाऱ्या मसुद्यात ती रक्कम दोन्हींच्या मधून निसटते. तरीही शब्दशः वाचले तर व्यवस्थापकीय संचालकाला ३ लाखांचा चेक एकट्याने देता येत नाही, कारण त्या टप्प्यात फक्त गट ब आहे. २० लाखांच्या चेकवर गट अ चे दोघे सही करू लागले तरी तो परत जाईल. तिथे एक अ आणि एक ब हवा. ‘वरचा माणूस खालच्याच्या जागी चालतो’ हा ऑफिसातला शहाणपणा मँडेटला लागू होत नाही, तसे ठरावात लिहावे लागते. गट अ मध्ये दोघेच असल्याने एक जण परदेशी गेला की ५० लाखांवरचा प्रत्येक चेक थांबतो. ही चूक बँकेची नव्हे, पण मँडेट भरण्याआधी ती कंपनीच्या नजरेस आणणारा अधिकारी दोघांचाही त्रास वाचवतो. मर्यादा एका व्यवहाराची की दिवसभराची, हेही ठराव सांगत नाही. त्यात ‘प्रति व्यवहार’ हे दोन शब्द हवे होते.

नेट बँकिंगचाही उल्लेख नाही. तिथे व्यवहार टाकणारा आणि मंजूर करणारा वेगळा नोंदलेला असतो आणि बहुधा त्याचा अर्जही वेगळा असतो. त्यामुळे चेकवरून काढलेला माणूस नेट बँकिंगवर मंजुरी देत राहतो, आणि हे बरेचदा लेखापरीक्षणातच कळते.

आता तारखा. या कागदपत्रांत चार आहेत : बैठक १२ जूनची, प्रत प्रमाणित केली २० जूनला, बँकेत पोचली २४ जूनला आणि अंमल १ जुलैपासून. विनंतीपत्रात मात्र ‘तात्काळ बदल करावा’ असे लिहिले आहे. २४ जूनलाच नवी यादी चढवली तर ३० जूनपर्यंत जुन्या अधिकाऱ्यांनी योग्य रीतीने दिलेले चेक परत जातील. म्हणून प्रणालीत १ जुलै ही पुढची तारीख टाकायची, आणि तशी सोय नसेल तर नोंद ३० जूनचे कामकाज संपेपर्यंत रोखायची. उलट प्रकारही घडतो : २४ जूनला आलेला ठराव १ जूनपासून लागू असल्याचे सांगतो. बँक अशा वेळी मागे जात नाही. ठराव हाती येईपर्यंत जुन्या मँडेटप्रमाणे झालेली देणी तशीच राहतात. ठरावात अंमलाची तारीखच नसेल तर तो मंजूर झाला त्या दिवसापासून लागू मानतात, तरी नोंद कागद मिळाल्यावरच होते.

संचालकाचा राजीनामा ही वेगळी तारीख आहे. कलम १६८ नुसार तो कंपनीला सूचना मिळाल्याच्या किंवा सूचनेत दिलेल्या तारखेपैकी नंतरच्या तारखेपासून लागू होतो. पण संचालकपद गेले म्हणजे बँकेच्या नोंदीतील सहीचा अधिकार आपोआप पुसला जात नाही, कारण सही करणारा संचालक असावाच लागतो असेही नाही. राजीनाम्याची कुणकुण लागली तर बँक स्वतःहून नाव काढत नाही, कंपनीला विचारते आणि नवा ठराव मागते.

जुन्या सह्यांचे पुढच्या तारखेचे चेक ही या कामातली सर्वांत चिकट गोष्ट. वरच्या उदाहरणात जुन्या अधिकाऱ्याने जूनमध्ये सही केलेला १० जुलैच्या तारखेचा चेक वटायला येतो, तेव्हा शाखा जुळवणी नव्या यादीशी करते आणि चेक परत पाठवते. चेक वटवावा असे कंपनीला वाटत असेल तर ठरावातच ‘३० जूनपर्यंत जुन्या सह्यांनी दिलेले चेक, सोबतच्या यादीतील क्रमांकांप्रमाणे, मान्य करावेत’ असे लिहून चेक क्रमांक आणि रकमा जोडतात. यादी नसेल तर बँकेने सैल अर्थ लावून चेक वटवू नये. कंपनीला मात्र ‘सही बदलली’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सही नमुन्याशी जुळत नाही या कारणाने परत आलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो. सह्या करणाऱ्यांचे मँडेट बदलल्यामुळे परत गेलेले चेक हाच त्या प्रकरणातला वाद होता.