जिन्यातली आवळण आणि बसल्या जागची चमक

आमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद होती. चौथ्या मजल्यावरचे काका, वय ५९, रोज तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभे राहायचे. विचारलं की छातीवर तळहात फिरवत म्हणायचे, "काही नाही रे, गॅस. जरा आवळल्यासारखं होतं, दोन मिनिटं थांबलो की जातं." त्याच महिन्यात त्यांच्या २२ वर्षांच्या पुतण्याला खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या छातीत सुई टोचल्यासारखी चमक आली. त्याला मात्र काका स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. आपल्याकडे हे नेहमी असंच उलटं होतं. जोरात दुखलं की हृदय आणि नुसतं आवळलं की गॅस, असं आपण धरून चालतो.

काकांच्या छातीत काय होत होतं ते समजायला हृदयाची एक अडचण माहीत हवी, आणि मला ती फार विलक्षण वाटते. शरीरातले बाकीचे स्नायू आराम करत असताना रक्तातला थोडासाच ऑक्सिजन उचलतात, त्यामुळे काम वाढलं की त्याच रक्तातून जास्त काढून घेता येतो. हृदयाचा स्नायू मात्र आपण शांत बसलेले असतानाही त्याच्याकडे आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो. आणखी काढून घ्यायला फारसं काही उरत नाही. म्हणून जिना चढताना त्याच्यापुढे एकच मार्ग असतो, तो म्हणजे जास्त रक्त मागवणं. निरोगी हृदयात हा प्रवाह चार-पाच पटींनी वाढू शकतो.

आता हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली आहे असं समजा. तिच्यापुढच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच सैल होऊन ही तूट भरून काढतात. त्यामुळे धमनीची रुंदी अर्ध्याहून कमी उरली तरी बसल्या जागी काहीच जाणवत नाही. पण ज्या वाहिन्या जिन्यावर सैल व्हायच्या, त्या आधीच सैल झालेल्या असतात. राखीव साठा रोजच्या खर्चातच संपलेला असतो.

त्यात आणखी एक पेच आहे. हृदय आकुंचन पावतं तेव्हा ते स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतं, म्हणून डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. मिनिटाला ७० ठोके असताना एका ठोक्याला सुमारे ०.८५ सेकंद मिळतात आणि त्यातले अर्ध्याहून जास्त विश्रांतीचे असतात. १२० ठोक्यांना जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, आणि काटछाट होते ती मुख्यतः विश्रांतीतच. म्हणजे मागणी वाढते त्याच क्षणी रक्त शिरायचा वेळ घटतो. काकांच्या बाबतीत हा हिशेब तिसऱ्या मजल्यावर तुटत होता. थांबलं की ठोके उतरतात, हिशेब जुळतो, आवळण जाते. या दुखण्याला अंजायना म्हणतात. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १७६८ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यातही चढावर चालताना आणि जेवणानंतर त्रास होतो असं आहे. जेवणानंतर होतो, म्हणूनच तो गॅस वाटतो.

पुतण्याची चमक वेगळ्या वाटेने येते. छातीची भिंत, बरगड्यांमधले स्नायू आणि फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाच्या मज्जातंतूंना जागा नेमकी सांगता येते, म्हणून माणूस एका बोटाने दाखवतो, "इथे." श्वास घेतला, वळलं किंवा दाबलं की ती वाढते आणि अनेकदा काही सेकंदांत जाते. हृदयाचे मज्जातंतू मात्र हात, खांदा आणि जबड्याकडच्या संदेशांत मिसळतात, त्यामुळे मेंदूला जागा कळत नाही. माणूस बोट न दाखवता तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो.

यालाही मर्यादा आहेत. मधुमेह असलेल्यांना, वयस्करांना आणि बायकांना कधी कधी आवळण न होता नुसता दमच लागतो. आणि श्वासागणिक टोचणारी कळ गेलीच नाही, सोबत धाप लागली, तर फुप्फुसात गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हा ती साधी चमक समजू नये. 'ब्लॉकेज विरघळवणारा' म्हणून फिरणारा लसूण-आल्याचा काढा साचलेला थर विरघळवू शकत नाही. तो घेत महिने काढणारी माणसं पाहिली की मला खरंच राग येतो.

काकांचा झोपून काढलेला ईसीजी अगदी नीट आला, कारण झोपलेल्या हृदयाला रक्त कमी पडतच नव्हतं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून काढला तेव्हा सहाव्या मिनिटाला रेघ खाली गेली आणि काका म्हणाले, "हेच ते." पण डॉक्टरांनी घाई केली ती दुसऱ्याच वाक्यामुळे. काका सहज बोलून गेले होते, "दिवाळीपर्यंत तिसऱ्या मजल्यावर व्हायचं, आता दुसऱ्यावरच होतं. परवा तर अंथरुणात झालं." डॉक्टरांनी त्यांना त्याच दुपारी दाखल करून घेतलं.