फ्लोचार्टमध्ये प्रश्न कुठून आला

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरच्या दारावर लॅमिनेट केलेला फ्लोचार्ट होता. पुठ्ठ्याची खोकी आली की ती घ्यायची, थांबवून ठेवायची की परत पाठवायची, एवढंच त्याने सांगायचं. त्यात 'खोकी उतरवा' गोलात होतं, 'खोकी तपासा' चौकोनात आणि 'रॅकवर ठेवा' उलट्या त्रिकोणात. तळाशी जागा संपली म्हणून आणखी एक गोल काढून त्यात नुसतं 'अ' लिहिलं होतं. नव्याने लागलेल्या मुलाने सुपरवायझरला विचारलं, "साहेब, हे 'अ' काम कुणी करायचं?" काम काहीच नव्हतं. पुढचा भाग उजव्या बाजूला तशाच 'अ'पासून सुरू होत होता.

काढणाऱ्याला चित्र येत नव्हतं असं नाही. त्याच्या कागदावर दोन वेगळ्या घराण्यांची चिन्हं एकत्र आली होती.

पहिलं घराणं कारखान्याचं. फ्रँक गिलब्रेथ तरुणपणी विटा रचायच्या कामावर शिकले, लिलियन गिलब्रेथ मानसशास्त्राच्या अभ्यासक. या जोडप्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे, म्हणजे एएसएमईपुढे, 'प्रोसेस चार्ट'ची पद्धत मांडली. त्यांची नजर कामातल्या फुकट जाणाऱ्या हालचालींवर होती. वस्तू कुठे उचलली, कुठे नेली, कुठे पडून राहिली, हे एका रेघेवर ओळीने मांडायचं आणि नको असलेलं गाळायचं. १९४७ मध्ये एएसएमईने या चिन्हांचं मानक केलं आणि ती पाचांवर आणली: गोल म्हणजे क्रिया, बाण म्हणजे वाहतूक, चौकोन म्हणजे तपासणी, इंग्रजी डी अक्षरासारखा आकार म्हणजे खोळंबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे साठवण.

या पाचांत प्रश्नाचं चिन्ह नाही. तपासणीचा चौकोन आहे, पण तपासणीत माल नापास झाला तर पुढे काय, हे तो चौकोन सांगत नाही. ते बाजूला शब्दांत लिहावं लागतं. गिलब्रेथांना ते खटकायचं कारणही नव्हतं, कारण त्यांना प्रत्यक्ष घडणाऱ्या कामाची एक वाट मोजायची होती.

प्रश्न आला तो दुसऱ्या घराण्यातून, आणि योगायोगाने १९४७ मध्येच. प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन संगणकासाठी गणितं कशी मांडायची यावर अहवाल लिहीत होते. तिथे अडचण निराळी होती. यंत्र त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणार, तर थांबायचं कधी? त्यासाठी त्यांनी आकृतीत एक खास चौकट ठेवली. तिच्यात एक बाण येतो आणि दोन निघतात, एकावर अधिकचं चिन्ह, दुसऱ्यावर उण्याचं. चौकटीतली किंमत शून्य किंवा त्याहून जास्त असेल तर एक वाट, ऋण असेल तर दुसरी. यंत्राला तेवढीच पारख होती, आकडा ऋण आहे की नाही. आपलं 'होय' आणि 'नाही' त्या दोन चिन्हांचे वंशज आहेत. दोनच वाटा आणि त्यातली नेमकी एकच उघडी, हा कडकपणा तिथूनच आला.

पुढे संगणक विकणाऱ्या कंपन्यांनी आपापले आकार चालवले आणि प्रोग्रामरना प्लॅस्टिकच्या स्टेन्सिल वाटल्या. अमेरिकेचं सामाईक मानक झालं आणि मग १९८५ मध्ये आयएसओ ५८०७ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात क्रियेला आयत, निर्णयाला डायमंड, सुरुवात-शेवटाला दोन्ही टोकं गोल असलेला पट्टा आणि रेघ तोडून दुसरीकडे जोडायची असेल तर छोटा गोल. डायमंडला चार कोपरे असल्याने वरून आत आलं तरी बाहेर पडायला तीन कोपरे उरतात. निर्णयाचं उत्तर डायमंडच्या आत नाही, तर बाहेर पडणाऱ्या रेघेजवळ लिहायचं. प्रवाह वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे धरायचा. तो उलटा जात असेल तर बाण हवाच.

आता रबाळ्याचा घोळ कळतो. एएसएमईत गोल म्हणजे काम, आयएसओत तोच गोल म्हणजे नुसती जोडणी. एएसएमईत चौकोन म्हणजे तपासणी, आयएसओत आयत म्हणजे कुठलंही काम. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत, एका कागदावर मात्र त्या एकमेकींचा अर्थ खातात.

आकार सुधारणं सोपं होतं, एका दुपारचं काम. वेळ गेला तो प्रश्नांवर. जुन्या तक्त्यात 'चलन पीओशी जुळतं का?' असा एकच डायमंड होता. चलन म्हणजे मालाबरोबर येणारा कागद, पीओ म्हणजे आपण दिलेली खरेदीची ऑर्डर. पाचशे खोक्यांची ऑर्डर, आले चारशे ऐंशी, खोकं अगदी हवं तेच. जुळतं का? नाही. नाहीचा बाण 'परत पाठवा'कडे, म्हणून अख्खा टेम्पो माघारी. एका डायमंडमध्ये दोन प्रश्न कोंबले होते. ते वेगळे केले: 'खोकं पीओतलंच आहे का?' नसेल तर परत. असेल तर 'नग पीओइतकेच आहेत का?' नसतील तर मोजलेले नग जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, लिहायचे, खरेदी विभागाला कळवायचं, आणि वाट पुन्हा मूळ रेघेला मिळते.

दुसरी चूक आपल्या भाषेतली. 'चलनावर सही नाही ना?' असं एका डायमंडमध्ये होतं. सही नसताना एकजण म्हणतो "हो" (हो, नाहीये), दुसरा म्हणतो "नाही" (सही नाही). दोघांना कागदावरचं एकच दिसतं आणि दोघे वेगळ्या बाणाने जातात. मराठीत होकारार्थी प्रश्नाशिवाय डायमंड काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. आता तिथे 'चलनावर सही आहे का?' एवढंच आहे.

तिसरी चूक मात्र प्रिन्स्टनवाल्यांनी लगेच ओळखली असती. गठ्ठ्यातून पाच खोकी काढायची, त्यातलं एकही नापास झालं तर आणखी दहा काढून तपासायची, हा तिथला नियम. तक्त्यात 'दहा काढा'मधून बाण परत 'नमुना पास का?' या डायमंडला जात होता. दहा नापास झाले की वाट पुन्हा 'दहा काढा'कडे. घाईच्या दिवशी पास होईपर्यंत नमुने काढले जात, आणि तक्त्यानुसार ते चुकीचंही नव्हतं. फेरीतून बाहेर काढणारा प्रश्नच नव्हता. म्हणून 'नाही'च्या वाटेवर आणखी एक डायमंड घातला: 'हा पहिलाच नमुना का?' होय, तर दहा काढा. नाही, तर गठ्ठा होल्डवर आणि क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाला, कळवा.

सगळीकडे 'होय' खाली आणि 'नाही' उजवीकडे ठेवलं. हा मानकातला नियम नाही, सोय आहे. पण त्यामुळे वरून खाली सरळ जाणारी रेघ म्हणजे चांगल्या मालाची वाट, हे न वाचताही दिसतं. एक प्रश्न मात्र हट्टाने उलटा येत होता: 'खोकी ओली आहेत का?' तिथे होय म्हणजे वाईट. तो 'खोकी कोरडी आहेत का?' असा फिरवला. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडवरून ताडपत्रीशिवाय येणाऱ्या टेम्पोंमुळे सगळ्यात जास्त वापर याच डायमंडचा होतो.

गिलब्रेथांची पाच चिन्हं मात्र टाकून दिलेली नाहीत. गेटपासून रॅकपर्यंत खोकी किती वेळा उचलली जातात आणि किती वेळ पडून राहतात, हे मोजायला तीच हवीत. त्यांचा तक्ता आता सुपरवायझरच्या फायलीत, वेगळ्या कागदावर आहे.