ओटीपी टाकल्यावर पान अडकलं: रिफ्रेश करणं वेगळं, तपासणं वेगळं

ओटीपी टाकला, बटण दाबलं आणि पानावरचं चक्र फिरायला लागलं. एक मिनिट गेलं, दोन गेली, पण पान हलायला तयार नाही. पैसे गेले की नाही, हा एकच प्रश्न डोक्यात घोळत असतो आणि बोट आपसूक रिफ्रेशच्या खुणेकडे जातं, कारण रिफ्रेश केलं की काय झालं ते कळेल असं वाटतं.

गल्लत होते ती इथेच. झालेल्या व्यवहाराची स्थिती तपासणं ही एक गोष्ट आहे आणि अडकलेलं पान पुन्हा लोड करणं ही दुसरी. तपासताना आपण फक्त नोंद वाचतो, त्यामुळे ती दहा वेळा वाचली तरी काही बिघडत नाही. रिफ्रेश करताना मात्र ब्राउझर आपली शेवटची विनंती जशीच्या तशी पुन्हा धाडतो. ती विनंती नुसती पान मागणारी असेल, म्हणजे `GET` प्रकारची, तर प्रश्न येत नाही. ती माहिती भरून पाठवणारी `POST` विनंती असेल, तर तीच माहिती दुसऱ्यांदा जाते. क्रोम अशा वेळी ‘Confirm Form Resubmission’ असं विचारतो तो यासाठीच. घाईत ती सूचना आपण न वाचताच पुढे जातो.

रिफ्रेश नेमकं कुठे घात करतं हे समजायला ओटीपीनंतर काय घडतं ते पाहायला हवं. बऱ्याच जणांना वाटतं की ओटीपी बरोबर निघाला म्हणजे पैसे दिले गेले. कार्डाच्या नेहमीच्या व्यवहारात तसं नसतं. ओटीपीमुळे बँकेची एवढीच खात्री पटते की कार्ड वापरणारी व्यक्ती खरी आहे. ही ओळख पटली की बँकेचं पान तुमच्या ब्राउझरला पेमेंट गेटवेकडे, म्हणजे विक्रेत्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मधल्या यंत्रणेकडे, परत पाठवतं. मग गेटवे कार्डाच्या जाळ्यामार्फत बँकेला विचारतो, ‘एवढी रक्कम द्यायची का?’ बँकेचा होकार आला की पैसे अडवले जातात किंवा वळते होतात. तो होकार उलट्या वाटेने गेटवेकडे आणि तिथून विक्रेत्याकडे पोचतो. सगळ्यात शेवटी तुमच्या पानावर ‘पेमेंट यशस्वी’ असं उमटतं.

म्हणजे चक्र फिरत असताना व्यवहार तीनपैकी एका जागी असू शकतो. ब्राउझर बँकेकडून परतच आला नसेल आणि पैसे मागितलेच गेले नसतील. किंवा पैसे मागितले गेलेत, पण उत्तर अजून यायचं आहे. किंवा सगळं पार पडलंय, फक्त ते सांगणारं पान तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही. तिन्ही वेळी पडद्यावर दिसतं तेच चक्र, त्यामुळे त्याच्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी उत्तर मिळत नाही.

आता रिफ्रेशचा धोका. रिफ्रेश केलं की लगेच दुसऱ्यांदा पैसे कापले जातात, अशी भीती सर्रास घातली जाते. जिथे ओटीपी लागतो तिथे सहसा तसं होत नाही, कारण एक ओटीपी एकदाच चालतो आणि नव्या व्यवहाराला नवा ओटीपी मागितला जातो. खरा धोका थोडा आडवळणाने येतो. रिफ्रेशमुळे वापरून झालेला ओटीपी किंवा संपलेलं सत्र पुन्हा पुढे जातं, सर्व्हर ते नाकारतो आणि पडद्यावर ‘Session expired’ किंवा ‘Payment failed’ असं येतं. ते उत्तर दुसऱ्या विनंतीचं असतं. पहिली विनंती दरम्यान यशस्वी झालेली असू शकते! आपण मात्र पडद्यावर विश्वास ठेवतो आणि नव्याने पैसे भरतो. दुहेरी पेमेंट होतं ते बहुधा असं, आपल्याच हाताने. ज्या कार्डावर ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात तिथे तर मध्ये थांबवणारी ती एक पायरीही नसते.

दुहेरी पेमेंट निस्तरणं हे फसलेल्या पेमेंटपेक्षा अवघड असतं, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. पैसे कापले गेले आणि ऑर्डर झालीच नाही, तर दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळत नाहीत. हिशेब जुळवताना ते दिसून येतं आणि रक्कम बऱ्याचदा तक्रार न करताही परत येते. दोन पेमेंटं यशस्वी झाली असतील तर दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात. यंत्रणेच्या लेखी काही चुकलेलंच नसतं. तिथे विक्रेत्याला सांगून, पटवून परतावा मागावा लागतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत हे अगदी थोडक्यात टळलं. परीक्षेचा अर्ज होता आणि मुदत रात्री 12 पर्यंत. 9:42 ला तिने ओटीपी टाकला आणि पान अडकलं. 9:43 ला बँकेचा पैसे वजा झाल्याचा एसएमएस आला, पण पानावर चक्र तसंच. 9:47 ला तिने रिफ्रेश केलं आणि ‘Session expired’ दिसलं. ती पुन्हा भरायला निघाली होती, त्याआधी तिने मला फोन केला.

मी पहिला प्रश्न विचारला, ‘दुसरा ओटीपी आलाय का?’ आला नव्हता. ही खूण फार कामाची आहे. रिफ्रेशनंतर नवा ओटीपी आला, तर नवा व्यवहार सुरू झालाय असं समजावं आणि तो ओटीपी कुठेही टाकू नये. न टाकल्यास थोड्या वेळाने तो आपोआप बाद होतो. मग मी तिला ते पान तसंच ठेवून लॅपटॉपवर नव्याने लॉगिन करायला सांगितलं. अर्जापुढे ‘Payment pending’ असं होतं. ‘फेल’ असं नव्हतं, हे महत्त्वाचं. 10:20 ला तिथेच ‘Paid’ आलं आणि पावती क्रमांकही मिळाला.

मधल्या अर्ध्या तासात ते पान तर निकामीच झालेलं होतं, मग हे झालं कसं? पेमेंटचा निकाल विक्रेत्याला दोन वाटांनी कळू शकतो. एक वाट तुमच्या ब्राउझरमधून जाते आणि ती तुटली होती. दुसरी वाट गेटवेच्या सर्व्हरवरून थेट विक्रेत्याच्या सर्व्हरवर जाते. तिला तुमच्या पानाशी काही देणंघेणं नसतं. निरोप पोचला नाही तर गेटवे तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवतो, किंवा विक्रेत्याची यंत्रणाच अडकलेल्या व्यवहारांची चौकशी करते. म्हणून ‘पेंडिंग’ दिसत असताना थांबण्यात अर्थ असतो.

तर तपासायचं कसं? दोन नोंदी वेगवेगळ्या उघडायच्या आणि शेजारी ठेवून पाहायच्या. पहिली विक्रेत्याकडची: नव्या टॅबमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणावर लॉगिन करून ऑर्डरची किंवा अर्जाची यादी, शिवाय ईमेल. दुसरी बँकेकडची: बँकेच्या ॲपमधली नोंद. एसएमएस उशिरा येऊ शकतो, म्हणून तो आला नाही याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा काढू नये.

दोन्हीकडे ‘झालं’ असेल तर अडकलेलं पान खुशाल बंद करावं. बँकेत काहीच नाही आणि विक्रेत्याकडे व्यवहार स्पष्टपणे फसलेला दिसतोय, तर पुन्हा भरायला हरकत नाही. मात्र ते जुन्या पानावरून करू नये, ऑर्डर नव्याने उघडून करावं. बँकेत काही नाही पण विक्रेत्याकडे पेंडिंग आहे, तर घाई करू नये, कारण बँकेचा होकार उशिरानेही येतो.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो पैसे गेलेत आणि ऑर्डर नाही, या स्थितीत. इथे बँकेची नोंद नीट वाचावी लागते. खात्यात दोन आकडे दिसत असतील, एक एकूण शिल्लक आणि एक वापरता येणारी शिल्लक, तर फक्त दुसराच कमी झालाय का ते बघा. तसं असेल तर रक्कम अजून गेलेली नाही, बँकेने ती फक्त अडवून ठेवलीय. विक्रेत्याने ती उचलली नाही तर अडवणूक सुटते आणि वापरता येणारी शिल्लक पूर्ववत होते. त्यासाठी काही दिवस लागू शकतात. अशा वेळी ‘जमा’ अशी वेगळी नोंद येत नाही आणि लोक उगाच परताव्याची वाट पाहत राहतात. पैसे प्रत्यक्ष गेले असतील आणि मग विक्रेत्याने परत केले असतील, तर मात्र जमेची स्वतंत्र नोंद दिसते.

मुदत अगदी तोंडावर असेल तर? बहिणीचं 11:45 पर्यंत पेंडिंगच राहिलं असतं तर मी तिला दुसऱ्यांदा भरायला सांगितलं असतं. वर्ष वाया जाण्यापेक्षा एक रक्कम काही दिवस अडकलेली परवडली. पण ते जाणूनबुजून, आधीच्या व्यवहाराची सगळी नोंद हाताशी ठेवून.

ती नोंद म्हणजे काय, तर अडकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट, वेळ, रक्कम, ऑर्डर क्रमांक आणि बँकेने दिलेला संदर्भ क्रमांक. कार्डाच्या व्यवहाराला आरआरएन नावाचा 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो. त्यावरून बँकेला तुमचा व्यवहार लगेच सापडतो. परतावा निघाल्याचं विक्रेता सांगतो पण पैसे दिसत नाहीत, अशा वेळी त्याच्याकडे एआरएन, म्हणजे परताव्याचा माग काढायचा 23 आकडी क्रमांक, मागावा आणि तो आपल्या बँकेला द्यावा.

तक्रार आधी विक्रेत्याकडे करावी, तिथे दाद लागली नाही तर बँकेकडे. नंबर मात्र विक्रेत्याच्या ॲपमधून आणि कार्डाच्या मागून घ्यावा, इंटरनेटवर शोधून नव्हे. अडकलेल्या पैशांच्या काळजीत असलेली माणसं गाठण्यासाठी ठकसेन तिथे खोटे नंबर टाकून ठेवतात. परतावा यायला ओटीपी सांगावा लागत नाही. कोणी मागितलाच, तर ते पैसे परत देत नसून काढून घेतायत.

फोनवर पेमेंट करताना आणखी एक गोष्ट पाळावी. ओटीपी वाचायला आपण मेसेजच्या ॲपमध्ये जातो, तेवढ्यात मेमरी कमी पडली तर फोन मागचं पान सोडून देतो आणि परत आल्यावर ते स्वतःच लोड होतं. म्हणजे आपण हातही न लावता रिफ्रेश झालेलं असतं. ओटीपी वरून सरकणाऱ्या सूचनेतच वाचावा, आणि असं घडलंच तर नवं काही न भरता आधी दोन्हीकडच्या नोंदी उघडाव्यात.