पुढचं ‘हाय प्रोटीन’ आणि मागचे ग्रॅम

सोलापुरात नवी पेठेतल्या किराणा दुकानात जा की जुळे सोलापुरातल्या मार्टमध्ये, बिस्किटांच्या फळीवर आता ‘हाय प्रोटीन’, ‘मल्टिग्रेन’, ‘नॅचरल’ हे तीन शब्द नसलेला पुडा शोधावा लागतो. हे शब्द बहुतेक वेळा खोटे नसतात, कायद्यात बसवूनच छापलेले असतात. तरीही पुढची बाजू वाचून जे मनात येतं आणि मागच्या तक्त्यात जे लिहिलेलं असतं, त्यात मोठं अंतर असू शकतं. हे अंतर पडतं कसं, हे ‘हाय प्रोटीन’वरून सगळ्यात नीट कळतं, म्हणून जास्त वेळ तिथेच थांबू.

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार, घन पदार्थाच्या 100 ग्रॅममध्ये दिवसाच्या शिफारशीच्या 20 टक्के प्रोटीन असेल, तर त्यावर ‘हाय’ लिहिता येतं. आयसीएमआरने 2020 मध्ये सुधारलेल्या शिफारशीत 65 किलो वजनाच्या पुरुषासाठी दिवसाला 54 ग्रॅम प्रोटीन धरलंय. त्याचे 20 टक्के म्हणजे 10.8 ग्रॅम. थोडक्यात, 100 ग्रॅमला अकरा ग्रॅम प्रोटीन भरलं की पुढे मोठ्या अक्षरांत छापायला मोकळीक.

आता अकरा ग्रॅम किती होतात ते बघा. आपल्या साध्या गव्हाच्या पिठात 100 ग्रॅमला साधारण साडेदहा ग्रॅम प्रोटीन असतंच आणि ज्वारीत दहाच्या आसपास. म्हणजे कोरड्या पिठाच्या पदार्थाला ही रेघ गाठायला फार काही करावं लागत नाही. थोडं सोयापीठ किंवा गव्हाचं ग्लुटेन घातलं की काम झालं. उलट आपलं तुरीचं वरण घ्या. 30 ग्रॅम डाळीचं वाटीभर, दीडशे ग्रॅम वरण झालं, तर प्रोटीन सहा-साडेसहा ग्रॅम मिळतं. पण त्यात पाणी असल्यामुळे 100 ग्रॅमचा हिशेब चार-साडेचार ग्रॅमवर येतो. या फूटपट्टीने वरण ‘हाय’ तर नाहीच, ‘प्रोटीनचा स्रोत’ म्हणायला लागणारे 5.4 ग्रॅमही त्यात भरत नाहीत. 100 ग्रॅमची फूटपट्टी कोरड्या पदार्थाच्या बाजूने झुकते, आणि बिस्कीट हा अगदी कोरडा पदार्थ.

त्याच नियमात दुसरा पर्यायही आहे: 100 कॅलरीमागे शिफारशीच्या 10 टक्के, म्हणजे 5.4 ग्रॅम. दोहोंपैकी एक अट पूर्ण झाली तरी चालतं. ग्राहकाच्या कामाची मात्र ही दुसरीच, कारण पाणी कितीही असलं-नसलं तरी ती फसत नाही.

एका पुड्याचा हिशेब करून बघू. कुठल्या कंपनीचा नाही, पण फळीवर सहज सापडेल असा. मागच्या तक्त्यात 100 ग्रॅमला लिहिलंय: ऊर्जा 474 किलोकॅलरी, प्रोटीन 12 ग्रॅम, वरून घातलेली साखर 20 ग्रॅम, फॅट 18 ग्रॅम, त्यातलं सॅच्युरेटेड साडेआठ. बारा ग्रॅम आहे, म्हणजे दावा कायदेशीर. पण 100 ग्रॅम बिस्किटं एका वेळी कोण खातं? चहाबरोबर चार बिस्किटं, धरा 30 ग्रॅम. त्यातून प्रोटीन मिळालं 3.6 ग्रॅम आणि साखर 6 ग्रॅम. प्रोटीनपेक्षा साखर जास्त पोटात गेली. आणि 100 कॅलरीमागे बघितलं तर प्रोटीन जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणजे लागणाऱ्याच्या निम्म्याहून कमी.

शेजारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, जी सोलापुरात कुठल्याही घरी डब्यात असते. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी आणि 20 ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी मिळून साडेनऊ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं, कॅलरी साधारण पावणेतीनशे. तेवढंच प्रोटीन त्या बिस्किटांतून घ्यायचं तर 80 ग्रॅम बिस्किटं खावी लागतील: कॅलरी पावणेचारशेच्या वर, आणि साखर 16 ग्रॅम. शाळेच्या डब्यात ‘प्रोटीनचं’ म्हणून हा पुडा टाकणाऱ्या आईने हे दोन आकडे एकदा शेजारी लिहून बघावेत, असं मला मनापासून वाटतं. डबा तोच राहील, खर्च मात्र बहुधा कमी होईल.

एक गोष्ट मागचा तक्ताही सांगत नाही: प्रोटीन कुठल्या दर्जाचं. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असतं, सोयामध्ये ते चांगलं असतं. तक्त्यात दोघांचे ग्रॅम सारखेच मोजले जातात. त्यासाठी घटकांची यादी वाचायची: सोया, दूध किंवा डाळ आहे, की नुसतं ग्लुटेन.

‘मल्टिग्रेन’चं उत्तरही त्याच यादीत आहे, आणि इथे दोन नियम उपयोगी पडतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जास्त असेल ते आधी. आणि पुढे शब्दांत किंवा चित्रात ज्या घटकाचा गाजावाजा केला असेल, त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. त्यामुळे पुढे नाचणी, ओट्स, ज्वारीची कणसं रंगवलेली असली, तरी मागे अनेकदा असं सापडतं: मैदा, मग साखर, पाम तेल, आणि बऱ्याच खाली ओट्स 3 टक्के, नाचणी 1, ज्वारी 1. तीन धान्यं मिळून 100 ग्रॅममध्ये पाच ग्रॅम. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदाच, आणि रंग तपकिरी आहे म्हणून कोंडा आहे असं नाही. यादीत कॅरेमल, म्हणजे अन्नात वरून घालायच्या पदार्थांच्या आयएनएस क्रमांकांतला 150, किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट असेल, तर रंग तिथून आलेला असू शकतो.

क्रमाचीही एक पळवाट आहे, ती ओळखून ठेवा. साखर, इनव्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज असे गोड घटक वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो. तिघांची बेरीज मात्र वरच्या नंबरावर असू शकते. म्हणून क्रमावर न थांबता तक्त्यातली ‘अ‍ॅडेड शुगर्स’ची ओळ बघायची, कारण तिथे सगळ्यांची बेरीज असते. लेबलवर दिवसाची मर्यादा 50 ग्रॅम धरलेली असते, त्यावरून आपला अंदाज येतो.

‘नॅचरल’बाबत नियम बराच कडक आहे. ज्यात वरून काहीच घातलेलं नाही अशा एकाच पदार्थासाठी तो शब्द वापरता येतो. बिस्कीट, नमकीन, सरबत असे मिश्र पदार्थ ‘नॅचरल’ म्हणवू शकत नाहीत. फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं’ असं म्हणता येतं, तेही सगळे घटक ती अट पाळत असतील तरच. मिश्र पदार्थाच्या पुढे ‘नॅचरल’ आणि मागे आयएनएस क्रमांकांची रांग, कृत्रिम फ्लेवर असं दिसलं, तर तो दावाच नियमात बसत नाही.

असा पुडा हाती आला, किंवा पुढे रागी लिहून मागे टक्केवारीच नसेल, तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बॅच नंबर आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक फोटोत स्पष्ट आला पाहिजे. मग एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार नोंदवता येते. रिकामा पुडाही जपून ठेवा, बॅच पडताळायची वेळ आली तर लागतो.